मुंबई हायला तेल, चंद्रपूरला कोळसा, मग ठाण्याखाली काहीच का नाही?

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीच्या नव्या बोअरच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग येतो. एक काका ठामपणे म्हणतात की खाली तेल आहे, कारण मुंबई हाय इथून जवळच आहे. हे शक्य आहे का? आणि तेल समुद्रात, कोळसा चंद्रपूरला, मधल्या एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात काहीच नाही, असं का?

उत्तर:

आधी तवंगाचं बघू, कारण त्याची परीक्षा तुम्ही घरीच करू शकता. बादलीभर पाणी तासभर स्थिर ठेवा आणि तवंगात काडी फिरवा. काचेचे तुकडे व्हावेत तसे तवंगाचे कोनाकोनांचे तुकडे झाले आणि ते परत जोडले गेले नाहीत, तर तो लोखंडाचा तवंग. आपल्या काळ्या खडकात लोह भरपूर असतं. बोअरचं पाणी हवेत आलं की जिवाणूंच्या मदतीने त्याची पातळ साय धरते. काडीच्या मागे तवंग वळसे घेत पुन्हा एक झाला, वर वास आला, तर तो तेलाचा. पण तसं निघालं तर जनरेटरची डिझेल टाकी किंवा पार्किंगचं गटार तपासा आणि ते पाणी वापरू नका. खनिज तेल ठाण्याच्या बोअरमध्ये येणार नाही.

का येणार नाही, हे सांगायला मुंबई हायचीच गोष्ट सांगतो. माझी नोकरी तेलविहिरींवर जिऑलॉजिस्ट म्हणून गेली आणि आता मी पनवेलला राहतो. माझ्या कपाटात मुंबई हायच्या कच्च्या तेलाची एक छोटी बाटली आहे. मे महिन्यात ती हलवली की तेल पाण्यासारखं डुचमळतं. डिसेंबरच्या पहाटे बाटली उलटी केली तरी ते जागचं हलत नाही, वनस्पती तुपासारखं थिजलेलं असतं. तेल मुळात हलकं आहे, गंधकही कमी आहे, पण त्यात मेण भरपूर आहे, म्हणून तिशीच्या खाली पारा गेला की ते बसतं. हे मेण आलं कुठून, तर बऱ्याच अंशी जमिनीवरच्या झाडांच्या पानांवरून. फणसाच्या पानाला असते ना तशी मेणचट चकाकी, तीच. म्हणजे समुद्रात 160 किलोमीटर आत मिळणाऱ्या या तेलाचा बराचसा कच्चा माल किनाऱ्यावरच्या दलदलीतला आहे. काकांना ही बाटली दाखवायला मला आवडेल, कारण तेल जिथे सापडतं तिथेच ते तयार झालेलं नसतं, ही पहिली गोष्ट तिच्यातून कळते.

आता 6.6 कोटी वर्षं मागे जाऊ. तेव्हा दख्खनचा लाव्हा ओतला जात होता, आणि त्याच काळाच्या आगेमागे भारताचा पश्चिम काठ ताणला जाऊन तुटला. सेशेल्सचा तुकडा आपल्यापासून वेगळा झाला. या ताणाची खूण तुम्हाला रोज दिसते. पावसाळ्यात आभाळ निवळलं की नवी मुंबईतून माथेरानकडे बघा. लाव्ह्याचे थर भाकऱ्यांची चळत ठेवावी तसे आडवे आहेत. मग पनवेलच्या पश्चिमेला या, पारसिकच्या डोंगराची कापलेली बाजू बघा. तेच थर समुद्राकडे कललेले आहेत. आमच्या भाषेत ही पनवेलची वाकण. इथून पश्चिमेला जमीन खाली झुकत गेली, आणि समुद्राच्या बाजूला ती मोडून कुठे उंचवटे, कुठे खोल खळगे झाले. मुंबई हाय हा त्यातला एक उंचवटा. त्याच्या आजूबाजूला खळगे, त्यातला सगळ्यात मोठा ईशान्येला, सुरतच्या समोर.

या खळग्यांच्या तळाशी सहा-पाच कोटी वर्षांपूर्वी खाड्या, दलदली आणि उथळ समुद्र होता. समुद्र आत यायचा, मागे सरायचा. झाडपाला, शेवाळ आणि बारीक चिखल एकत्र साठत गेला. तळाच्या पाण्यात प्राणवायू नव्हता म्हणून हा माल कुजून संपला नाही. ठाण्याच्या खाडीतला ओहोटीनंतरचा काळा, वास मारणारा चिखल डोळ्यांसमोर आणा. वरचा करडा थर पायाने सरकवला की खाली काळं लागतं, ते काळं म्हणजे न कुजलेला जैविक माल. त्या जुन्या चिखलाच्या थराला आम्ही पन्ना फॉर्मेशन म्हणतो. मुंबई हायच्या तेलाचा उगम हाच थर मानला जातो.

इथे कोळसा आणि तेल यांचं नातं सांगून टाकतो, कारण तुमच्या प्रश्नात दोन्ही आहेत. सुरत जिल्ह्यात वस्तानला उघड्या खाणीतून लिग्नाइट, म्हणजे कच्चा तपकिरी कोळसा, काढला गेला. तो लिग्नाइट साधारण याच काळातला, अशाच किनारी दलदलीतला. त्यात झाडाचा डिंक गोठून झालेला अंबर मिळतो आणि अंबरात अडकलेले किडेही. वस्तानची दलदल फार खोल गाडली गेली नाही, म्हणून ती तपकिरी, ओलसर लिग्नाइटवरच थांबली. तिच्याच नात्यातला चिखल समुद्राखालच्या खळग्यात काही किलोमीटर खाली गेला आणि त्याचं तेल नि वायू झाले. फरक दोन गोष्टींचा. एक, मूळ माल कोणता: लाकूड-साल जास्त असेल तर कोळसा आणि वायू, शेवाळ आणि पानांवरचं मेण जास्त असेल तर तेल. दुसरं, आच किती लागली.

आचेचा हिशेब सोपा आहे. समुद्राच्या तळाशी 25 अंश धरा. खाली जाताना जगभरात साधारण दर किलोमीटरला 25 ते 30 अंश वाढतात. 30 धरले तर अडीच किलोमीटरवर 100 अंश होतात. जैविक मालाचं तेल व्हायला साधारण 60 ते 120 अंश लागतात. त्यापुढे तेलाचेही रेणू तुटून वायू होत जातो. मुंबई हायच्या परिसरात जमिनीची उष्णता सरासरीपेक्षा बरीच जास्त आहे, त्यामुळे तिथे कमी खोलीतही काम भागतं. अडीच किलोमीटर गाळ पाच कोटी वर्षांत साठला असं धरलं तर वीस वर्षांत एक मिलिमीटर झाला. एका माणसाच्या आयुष्यात तीन-चार मिलिमीटर. हा वेग ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तळ सतत खाली बसत राहिला पाहिजे, ही खरी अट आहे. तळ बसला नाही तर गाळ साठायला जागाच उरत नाही. नदी तो पुढे वाहून नेते. गाळाचं खोरं म्हणजे नुसता खड्डा नव्हे, कोट्यवधी वर्षं खचत राहणारा खड्डा.

सुरतसमोरचा खळगा असाच खचत राहिला, कारण नर्मदा आणि तापी त्यात गाळ ओतत होत्या आणि त्या ओझ्याने तो आणखी बसत होता. आम्ही अशा जागेला किचन म्हणतो. तिथे माल शिजतो. मुंबई हायच्या माथ्यावर मात्र हा उगमाचा थर फार पातळ किंवा नाहीच, कारण तो भाग तेव्हा वर निघालेला उंचवटा होता. म्हणजे शिजलं खळग्यात आणि वाढलं उंचवट्यावर.

ते तिथवर आलं कसं? तेल पाण्यापेक्षा हलकं. खडकातल्या बारीक छिद्रांत सगळीकडे खारं पाणी भरलेलं असतं, आणि त्या पाण्यातून तेलाचे थेंब वर सरकतात. सरळ वर जाता आलं नाही तर सच्छिद्र थराच्या उताराने, भेगांनी, तिरपे वर जातात. कित्येक किलोमीटर जातात. वाटेत काही आडवं आलं नाही तर शेवटी समुद्राच्या तळातून बाहेर पडून नष्ट होतात. जगात तयार झालेल्या तेलापैकी बहुतेक असंच गेलं असावं, असं मला माझ्या कामातून वाटत आलं आहे.

मुंबई हायला आडवं आलं ते तीन गोष्टींमुळे. उंचवट्यावर गढूळ पाणी कमी पोहोचायचं. नद्यांचा चिखल खळग्यात उतरायचा आणि वर स्वच्छ, उथळ, कोमट समुद्र राहायचा. साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी तिथे शिंपले, सूक्ष्मजीव आणि शेवाळाच्या सांगाड्यांची चुनखडी साठली. मधूनमधून समुद्र उतरला की ही चुनखडी उघडी पडायची आणि पावसाचं पाणी तिच्यात छिद्रं पाडायचं. नंतर पाणी वाढलं, चिखल तिथवर पोहोचला आणि चुनखडीवर शेलचं, म्हणजे दाबून घट्ट झालेल्या चिखलाच्या खडकाचं, जाड झाकण बसलं. खाली उंचवटा असल्यामुळे वरचे थर त्याच्यावर उशीवर चादर पडावी तसे घुमटाकार पडले. छिद्रांची चुनखडी, वर घट्ट झाकण आणि घुमटाचा आकार: सापळा तयार. तेल किचनमधून निघालं तेव्हा तो तयार होता. या वेळेला आमच्या कामात फार महत्त्व आहे. सापळा उशिरा झाला तर तेल आधीच निघून गेलेलं असतं.

ही मुख्य चुनखडी समुद्रतळाखाली साधारण 1,300-1,400 मीटरवर आहे. आम्ही तिला एल-थ्री म्हणतो. 1960 च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साथीने या समुद्रात भूकंपीय सर्वेक्षण झालं, त्यात हा घुमट दिसला. 1974 च्या फेब्रुवारीत सागर सम्राट या समुद्रात खोदणाऱ्या रिगने तिथे पहिली विहीर खोदून तेल शोधलं, आणि 1976 पासून उत्पादन सुरू झालं. तुम्ही उरणला गेलात तर पाइपमधून आलेलं हे तेल-वायू हाताळणारा प्रकल्प रस्त्यावरून दिसतो.

एवढं वाचून कुणाला वाटेल की घुमट दिसला की तेल मिळालं. तसं नाही. पश्चिम किनाऱ्यावरची एक विहीर मला आजही आठवते. घुमट सर्वेक्षणात देखणा होता, चुनखडी आली, वर शेलही होता. विहिरीतून चिखलाबरोबर वर येणारे खडकाचे बारीक तुकडे, म्हणजे कटिंग्ज, आम्ही चाळणीत धुऊन ट्रेमध्ये पसरतो. पांढुरके, बाजरीएवढे तुकडे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसले, म्हणजे चुनखडी. मग ट्रे अतिनील दिव्याखाली ठेवला. जिवंत तेल असेल तर तुकड्यांवर पिवळसर-पांढरी चमक दिसते, आणि द्रावकाचा थेंब टाकला की त्या चमकीची एक सरसर रेघ बाहेर ओघळते. इथे चमक होती, पण विटकरी, मरगळलेली. थेंब टाकल्यावर रेघ ओघळली नाही, तुकड्याभोवती मळकं कडं तेवढं आलं. मी तेव्हाच सांगितलं की इथे तेल होतं, आता नाही. विद्युत मोजणीतही रोध कमी निघाला, कारण खारं पाणी वीज सहज वाहू देतं. चाचणीत शेवटी खारं पाणीच आलं. झाकणातून जाणारी एक भेग नंतरच्या हालचालीत पुन्हा उघडली होती आणि साठा निसटला होता.

अशा मळकट खुणांना किंमत आहे. खूण अजिबात नसेल तर तेल तिथवर आलंच नाही, म्हणजे किचन किंवा वाट चुकली. शिळ्या तेलाची खूण असेल तर तेल आलं होतं आणि झाकण फुटलं. पुढची विहीर कुठे घ्यायची हे त्यावरच ठरतं. म्हणूनच साठे एका भागात गर्दी करतात. एकदा चांगलं किचन असलं की आजूबाजूचे बरेच सापळे त्यातूनच भरतात. मुंबई हायच्या भोवती वसई, हीरा, पन्ना, मुक्ता, नीलम अशी क्षेत्रं आहेत, बरीचशी रत्नांची नावं, आणि ती याच खळग्यांच्या काठाकाठाने आहेत. वसईत मुख्यतः वायू, मुंबई हायला तेल आणि त्याच्या डोक्यावर वायूची टोपी. त्याच किनाऱ्याने दक्षिणेला कोकण-केरळच्या समुद्रात विहिरी घेऊनही तसा व्यापारी साठा हाती आलेला नाही. समुद्र एकच, किनारा एकच, पण सगळ्या अटी एकाच जागी, योग्य क्रमाने जुळाव्या लागतात. इराणच्या आखाताभोवती त्या फार मोठ्या प्रमाणावर जुळल्या: कोट्यवधी वर्षं उथळ समुद्र, उगमाचे जाड थर, त्यावर सच्छिद्र चुनखडी आणि झाकण म्हणून मीठ-जिप्समसारखे थर, जे भेगाळण्याऐवजी थोडे वाकतात. जगातल्या सिद्ध तेलसाठ्यापैकी जवळपास निम्मा एकट्या त्या प्रदेशात आहे.

आता चंद्रपूर. तिथला कोळसा खूप जुना, सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याच्या किती तरी आधीचा. तेव्हा भारत गोंडवन नावाच्या मोठ्या भूखंडाचा भाग होता आणि थंड प्रदेशातल्या नद्यांच्या काठी ग्लोसोप्टेरिसची झाडं होती. कोळशाला सापळा लागत नाही, कारण तो वाहून जात नाही. जिथे झाड पडलं तिथेच तो होतो. पण त्याला एक फार नाजूक तोल लागतो. झाडपाल्याचा थर जेवढा वाढतो तेवढाच तळ खचला पाहिजे. तळ कमी खचला तर पाला उघड्यावर कुजतो, जास्त खचला तर दलदल पाण्यात बुडून तिच्यावर वाळू येते. वर्धा-गोदावरी, दामोदर, सोन-महानदी या पट्ट्यांत जमीन दोन भेगांच्या मध्ये लांब चरासारखी खाली बसत होती आणि तिथे हा तोल पुन्हा पुन्हा साधला. म्हणून भारताचा कोळसा नकाशावर रेघांसारखा, आजच्या नदीखोऱ्यांच्या बाजूने दिसतो. पुष्कळ ठिकाणी नद्याही त्याच जुन्या चरातून वाहतात. चर खाली बसल्यामुळेच तो कोळसा नंतरच्या झिजेतून वाचला. बाजूच्या उंच जमिनीवर असला तरी तो केव्हाच धुऊन गेला असेल. नदीचा गाळ त्या दलदलीत मिसळत राहिल्याने आपल्या कोळशात राख जास्त येते. चंद्रपूरच्या कोळशाचा तुकडा हातात धरला तर चकचकीत आणि मातकट पट्टे आलटून पालटून दिसतात.

मग मधला महाराष्ट्र रिकामा का? नागपूर-चंद्रपूरच्या बाजूला काही ठिकाणी लाव्ह्याखालीही कोळसा मिळाला आहे, कारण तो जुना चर लाव्ह्याखाली जातो. म्हणजे काळा खडक असला की खाली काही नाहीच, असं म्हणता येत नाही. खाली खोरं होतं का, हे खोदूनच कळतं. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विहिरी घेतल्या तेव्हा साधारण 900 ते 1,250 मीटर बेसाल्ट छेदल्यावर सरळ ग्रॅनाइट-नीसचा जुना पाया लागला. मध्ये गाळाचा थर नव्हता. तिथे लाव्हा आला तेव्हा खाली उघडा खडक होता. कोळसा किंवा तेल होण्यासारखं काही साठलेलंच नव्हतं.

ठाण्याखाली लाव्हा कोयनेपेक्षाही जाड असावा, कारण पश्चिमेकडे तो जाड होत जातो. तुमच्या बोअरची माती रिगवाल्याने बाजूला टाकली असेल तर मूठभर उचलून बघा. राखाडी-काळी भुकटी, मधून पांढरे-हिरवे खडे. ते लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर भरलेले झिओलाइट. लाव्हा 1,000 अंशांच्या वर तापलेला होता. त्यात जैविक माल नव्हता आणि असता तरी टिकला नसता. तेल दुसरीकडून वाहून आलं असतं, असंही म्हणता येत नाही. थर पश्चिमेकडे कललेले असल्यामुळे समुद्रातून वर सरकणारं तेल तुमच्या बाजूला चढू शकलं असतं हे खरं, पण किचन आणि ठाणे यांच्या मध्ये एवढे भरलेले सापळे, शेलचे थर आणि भेगा आहेत की ते इथवर पोहोचल्याची खूण मला कधी दिसलेली नाही. काकांचं एवढंच बरोबर की मुंबई हाय जवळ आहे. ज्या वाकणीने ते खोरं घडवलं तिचा पूर्वेकडचा काठ तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांत आहे.

काडीची परीक्षा करा आणि पाण्यातलं लोह प्रयोगशाळेत मोजून घ्या. प्रमाण जास्त निघालं तर टाकीच्या आधी पाणी हवेत खेळवून, वाळूच्या फिल्टरमधून काढलं की तवंग जाईल.